तीन शनिवार: आरपीआर रिअ‍ॅक्टिव्ह आल्यावर काय करायचं

बीड, धारूर, केज, वडवणी या पट्ट्यातल्या दवाखान्यात भाद्रपद-अश्विनात रुजू होणाऱ्या नव्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी, सिस्टरांसाठी आणि लॅबमधल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. हे दिवस ऊसतोडीला निघायच्या आधीचे. मुकादमाची उचल घेऊन झालेली असते, दिवाळीच्या आगेमागे ट्रक येतो आणि पोटुशी बाईसुद्धा त्यात बसून कराड-सांगलीकडे निघून जाते. तिच्या रक्तात सिफिलिस निघाला, तर उपचार पुरा करायला तुमच्या हातात मोजके आठवडे असतात. सिफिलिसवरची पुस्तकातली पानं वाचून तुम्ही येता, पण कोणता रिपोर्ट काय सांगतो, इंजेक्शन एक की तीन, आणि कधी कमरेतलं इंजेक्शन पुरत नाही, इथे गाडी अडते. म्हणून एका जोडप्याच्या गोष्टीतून सांगते. हे जोडपं कुणी एक नाही, अनेकांच्या तपशिलातून मी ते बांधलं आहे.

पहिला दिवस, 28 सप्टेंबर, शनिवार

बाई चोवीस वर्षांची, तांड्यावरची. दुसरं बाळंतपण, अठरावा आठवडा. पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, त्या वेळी कुठलीच रक्ततपासणी झाली नव्हती. आशाताईंनी नोंदणीला आणलं. बोट टोचून एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही दाखवणारं किट लावलं. एचआयव्हीची रेघ उमटली नाही, सिफिलिसची उमटली.

इथे नव्या माणसाची पहिली चूक होते. किटवर रेघ दिसली की तो "सिफिलिस आहे" असं लिहून मोकळा होतो. ते किट ट्रेपोनेमल जातीचं आहे, म्हणजे ट्रेपोनेमा पॅलिडम या जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं ते शोधतं. टीपीएचए ही तपासणीही त्याच जातीची. ही प्रतिद्रव्यं बहुतेकांच्या रक्तात जन्मभर राहतात, उपचार होऊन आजार पूर्ण बरा झाला तरी. चुलीमागच्या भिंतीवरची काजळी बघून इथे कधीतरी जाळ होता एवढं कळतं. आज चूल पेटलेली आहे का, ते कळत नाही.

ते कळायला आरपीआर किंवा व्हीडीआरएल. या नॉन-ट्रेपोनेमल तपासण्या. त्या जंतूला शोधत नाहीत. आजारात पेशींची मोडतोड होते तेव्हा कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ उघडा पडतो आणि त्याविरुद्धची प्रतिद्रव्यं रक्तात वाढतात, ती या तपासण्या मोजतात. आजार जोरात असला की ती वाढतात, उपचार लागू पडला की उतरतात. म्हणून आकडा फक्त यांचाच कामाचा. पण कार्डिओलिपिन आपल्या शरीरातलंच असल्यामुळे कुष्ठरोग, मलेरिया, ल्यूपस, कधी नुसतं गरोदरपण यांतही आरपीआर खोटा रिअ‍ॅक्टिव्ह येतो. तो बहुधा 1:8 किंवा त्याखाली असतो आणि टीपीएचए निगेटिव्ह येतं. उलट दिशेने मात्र फसू नका. 1:2 आहे म्हणून खोटाच, असं कधीच धरायचं नाही, जुन्या खऱ्या आजारातही आकडा इतका खाली असू शकतो.

या बाईचा आरपीआर त्याच सकाळी केला. पांढऱ्या कार्डवरच्या गोलात सीरमचा एक थेंब, 0.05 मिली, त्यावर कोळशाचे कण असलेल्या अँटिजेनचा थेंब, आणि रोटेटरवर मिनिटाला 100 फेऱ्यांनी 8 मिनिटं. रिअ‍ॅक्टिव्ह असेल तर काळे कण रव्यासारखे गोळा होतात, नसेल तर सगळीकडे एकसारखा करडा रंग राहतो. 8 मिनिटं झाली की लगेच वाचायचं. चहा पिऊन येईपर्यंत कार्ड सुकलं की कडेला जमलेले कण गोळ्यांसारखे दिसतात.

मग तेच सीरम सलाइनमध्ये निम्मं, पुन्हा निम्मं असं पातळ करत जायचं: 1:2, 1:4, 1:8, 1:16, 1:32. शेवटच्या ज्या गोलात गोळे दिसले तो टायटर. तिचा आला 1:32. टीपीएचएसाठी नमुना वर पाठवला, पण त्याची वाट बघत थांबलो नाही. किट ट्रेपोनेमल होतंच, आरपीआर रिअ‍ॅक्टिव्ह आला, दोन वेगळ्या जातीच्या तपासण्या जुळल्या आणि आधी उपचार झाल्याचा कुठे पुरावा नाही. गरोदर बाईत एवढ्यावर त्याच दिवशी उपचार सुरू करायचा.

आरपीआर निगेटिव्ह, तरीही

इथे मला माझी स्वतःची एक चूक सांगायची आहे. नोकरीच्या सुरुवातीला एक तरुण आला होता. छातीवर, पाठीवर, तळहातांवर तांबूस चट्टे, खाज नाही. आरपीआर नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आला आणि मी त्याला अंगावरची अ‍ॅलर्जी म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. महिन्याने तो परत आला, डोक्याचे केस झुपक्या-झुपक्यांनी गळलेले, कीड लागल्यासारखे. या वेळी लॅबमधल्या ताईंनी सीरम पातळ करून बघितलं. पातळ न केलेल्या गोलात काही नाही, आणि 1:128 पर्यंत गोळेच गोळे.

याला प्रोझोन म्हणतात. प्रतिद्रव्यं इतकी जास्त असतात की अँटिजेनभोवती नुसती गर्दी होते, जाळं विणलंच जात नाही, म्हणून गोळे दिसत नाहीत. पातळ केलं की प्रमाण जुळतं आणि गोळे उमटतात. हे मुख्यतः दुसऱ्या टप्प्यात होतं, म्हणजे नेमकं तिथे, जिथे आजार सगळ्यात जोरात आणि सगळ्यात संसर्गजन्य असतो. अंगावर चट्टे आहेत आणि आरपीआर निगेटिव्ह आला, तर लॅबला चिठ्ठीवर लिहा: "सीरम पातळ करून पुन्हा बघावे." लॅबवाल्यांनीही रिपोर्टवरचं निदान वाचून आपणहून करावं, सलाइनच्या चार थेंबांचं काम आहे.

दुसरा निगेटिव्ह अगदी सुरुवातीचा. जननेंद्रियावर जखम येऊन दोन-चारच दिवस झाले असतील तर दोन्ही जातीच्या तपासण्या निगेटिव्ह येऊ शकतात. जखम सिफिलिसची वाटत असेल तर उपचार त्याच दिवशी द्या आणि रक्त दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बघा.

आजार किती जुना?

सिफिलिसमध्ये टप्पा ठरवायचा तो इंजेक्शन एक की तीन हे ठरवण्यासाठी. टप्प्यांची नावं पाठ असणं वेगळं आणि समोरच्या बाईकडून काळ काढून घेणं वेगळं.

संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी (10 ते 90 दिवसांत कधीही) जंतू शिरला तिथे एक जखम येते. कडक, स्वच्छ बुडाची आणि न दुखणारी. बाईला ती योनीच्या आत किंवा गर्भाशयाच्या तोंडावर असली तर दिसतही नाही. तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरते आणि माणूस समजतो, गेलं. पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत जंतू रक्तातून सगळीकडे पोचलेला दिसतो: तळहात-तळपायांसह अंगभर चट्टे, तोंडात पांढुरके डाग, गुदद्वाराजवळ ओलसर चपटे मस्से, बारीक ताप, गाठी. हा दुसरा टप्पा. हेही उपचाराशिवाय जातं. त्यानंतर बाहेरून काहीच नाही, फक्त रक्त रिअ‍ॅक्टिव्ह. हा सुप्त काळ. काहींना पुढे दहा-वीस-तीस वर्षांनी महाधमनी, हाडं-कातडी किंवा मेंदूचा आजार होतो, तो तिसरा टप्पा.

उपचाराची रेघ सुप्त काळाच्या मधोमध आहे. संसर्ग वर्षाच्या आतला आहे असं सिद्ध करता आलं तर लवकरचा, नाही तर उशिराचा. काही मार्गदर्शिका ही रेघ दोन वर्षांवर ओढतात. पहिल्या, दुसऱ्या आणि लवकरच्या सुप्त टप्प्याला एक इंजेक्शन, उशिराच्या सुप्त टप्प्याला आठवड्याच्या अंतराने तीन. कारण जुन्या आजारात जंतू फार सावकाश विभागतो आणि पेनिसिलिन विभागणाऱ्या जंतूवरच काम करतं, म्हणून औषध रक्तात जास्त आठवडे टिकवावं लागतं.

सिद्ध करता येणं म्हणजे काय? वर्षाच्या आत केलेला निगेटिव्ह रिपोर्ट हातात असणं, वर्षाच्या आत जखम किंवा चट्टे येऊन गेल्याची खात्रीची हकीकत असणं, किंवा जोडीदाराचा आजार लवकरच्या टप्प्यातला आहे आणि संबंध या वर्षातच सुरू झाला हे माहीत असणं. यातलं काहीच नसेल तर "कालावधी अज्ञात" लिहायचं आणि उपचार उशिराच्या टप्प्याचा द्यायचा.

तपासताना बाईला पडद्याआड नीट उजेडात बघा, सिस्टर सोबत असू द्या. तळहात, तळपाय, तोंड, जांघा, गुदद्वार. नुसतं "गरमी झाली होती का" विचाराल तर मान हलेल ती नकाराचीच. "खाली कधी न दुखणारा फोड आला होता का? तळहाताची सालं निघाली होती का? केस झुपक्याने गळले का?" असं विचारा. आणि नवरा बाहेर असताना विचारा.

या बाईच्या अंगावर काही नव्हतं, काही आठवतही नव्हतं. पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं ते कशाने, याला आता पुरावा नाही, पण आजार तेव्हापासूनचा असू शकतो. म्हणून कालावधी अज्ञात, इंजेक्शनं तीन.

इंजेक्शन

औषध एकच: बेन्झाथिन पेनिसिलिन, 24 लाख युनिट, खोल स्नायूत. बाटल्या 6, 12 आणि 24 लाखांच्या येतात. लेबल मोठ्याने वाचा, कारण 6 लाखांची बाटली हृदयरोगाच्या मुलांसाठी त्याच कपाटात असते आणि घाईत तीच उघडल्याचं मी पाहिलं आहे. एका कुल्ल्यात 12 लाख आणि दुसऱ्यात 12 लाख अशी विभागून दिली तर दुखणं कमी होतं.

पावडरमध्ये इंजेक्शनचं पाणी बाटलीवर लिहिलंय तेवढंच घालायचं, हलवून दुधासारखं एकजीव करायचं आणि लगेच द्यायचं. ठेवलं की खाली बसतं आणि सुई चोंदते. सुई 21 नंबरची किंवा त्याहून जाड. आत घातल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही हे बघा. हे औषध शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं, म्हणून ही दोन सेकंदं कधीच वाचवायची नाहीत.

आधी पेनिसिलिन घेतलं होतं का, घेतल्यावर अंगावर गांधी, धाप, चक्कर आली होती का, हे विचारा. तुमच्या संस्थेत चाचणी-डोसची जी पद्धत आहे ती पाळा, पण चाचणी ठीक आली म्हणून ट्रे बाजूला ठेवू नका. अ‍ॅड्रेनालिन 1:1000 भरायची सिरिंज शेजारी हवी. मोठ्या माणसाला धक्का बसला तर 0.5 मिली मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. इंजेक्शननंतर अर्धा तास बाकावर बसवा.

आणखी एक गोष्ट घरी जायच्या आधी सांगायची. पहिल्या इंजेक्शननंतर काही तासांत थंडी-ताप, अंगदुखी, डोकेदुखी येऊ शकते. जंतू एकदम मरतात म्हणून हे होतं, हिला यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात, आणि ती दिवसभरात ओसरते. ही अ‍ॅलर्जी नव्हे. पॅरासिटामॉल पुरतं. सांगितलं नाही तर बाई "सुई बाधली" म्हणून दुसऱ्या शनिवारी येणार नाही. गरोदरपणात या प्रतिक्रियेने कळा येऊ शकतात, म्हणून पोट कडक झालं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच यायला सांगा. पण या भीतीने इंजेक्शन लांबवायचं नाही.

गरोदर बाईला पेनिसिलिनला पर्याय नाही. डॉक्सिसायक्लिन गर्भारपणात चालत नाही, आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनवर बाळाला वाचवण्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. खरी अ‍ॅलर्जी असेल तर वैद्यकीय महाविद्यालयात भरती करून हळूहळू डोस वाढवत पेनिसिलिन अंगवळणी पाडतात आणि मग पेनिसिलिनच देतात. गरोदर नसलेल्या अ‍ॅलर्जीच्या रुग्णाला मात्र डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, लवकरच्या आजारात 14 दिवस आणि उशिराच्या सुप्त आजारात 28 दिवस.

दुसरा आणि तिसरा शनिवार

तारखा त्याच क्षणी कार्डवर लिहिल्या: 28 सप्टेंबर, 5 ऑक्टोबर, 12 ऑक्टोबर. लिहिल्यावर लक्षात आलं की 12 ला दसरा आहे आणि ओपीडी बंद.

गरोदर बाईत दोन इंजेक्शनांमधलं अंतर 9 दिवसांपेक्षा जास्त झालं तर पहिल्यापासून तीनही पुन्हा द्यावी लागतात. इतरांत थोडी सवड असते, 10 ते 14 दिवसांचं अंतर चालवून घेता येतं. पोटुशीत नाही. म्हणजे 12 ला चुकलं तर सोमवार, 14 ऑक्टोबर हा शेवटचा दिवस. त्यापुढे गेलं की सगळं नव्याने, आणि दिवाळीचा ट्रक दारात. ओपीडी बंद असली तरी प्रसूतिकक्ष उघडा असतो. ड्यूटीवरच्या सिस्टरना बाटल्या काढून दिल्या, नाव आणि डोस रजिस्टरमध्ये लिहून ठेवला. दसऱ्याच्या दुपारी आशाताई तिला घेऊन आल्या, इंजेक्शन झालं, आणि जाताना तिने सिस्टरच्या हातावर आपट्याची पानं ठेवली.

तुमच्याकडे अशी बाई आली की पहिल्याच दिवशी कॅलेंडर उघडून तिन्ही तारखा बघा. सुट्टी येते का, आणि मुकादमाने निघायचा दिवस कोणता सांगितलाय, हेही तेव्हाच विचारा. तिसरं इंजेक्शन तिकडेच घ्यावं लागणार असेल तर साखर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याच्या नावाने चिठ्ठी लिहून तिच्याजवळ द्या. नुसतं "तिकडे घ्या" सांगून उपयोग होत नाही.

नवरा, आणि कानातला आवाज

दुसऱ्या शनिवारी नवरा आला. एकोणतीस वर्षांचा. कुणाकडून कुणाला हे आम्ही विचारलं नाही. दोघांनाही उपचार लागतो एवढंच सांगितलं आणि एचआयव्हीची तपासणी त्याचीही केली, ती निगेटिव्ह आली. आरपीआर 1:64, टीपीएचए पॉझिटिव्ह. दोन महिन्यांपूर्वी तळहाताची सालं निघाली होती. त्याला वाटलं, कामाने हात सोलले. हा दुसरा टप्पा, वर्षाच्या आतला, म्हणजे एक इंजेक्शन, असा हिशेब जवळजवळ झालाच होता. उठता उठता तो म्हणाला, "मॅडम, महिनाभर झाला, कानात सारखं घुं घुं वाजायलंय. उजव्या कानानं फोनवरचं ऐकू येईना."

सिफिलिस निघालेल्या प्रत्येकाला, टप्पा कुठलाही असो, दोन मिनिटं काढून हे विचारा: डोकं सतत दुखतं का? नजर धूसर झाली, डोळा लाल झाला का? ऐकू कमी येतं, कानात आवाज येतो का? तोंड वाकडं झालं, हातापायातलं बळ गेलं का? अंधारात चालताना तोल जातो का? घरच्यांना विचारा, स्वभाव बदललाय का, विसरभोळेपणा वाढलाय का? मेंदूपर्यंत जंतू जातो तो पहिल्या काही आठवड्यांतच. मेंदूचा सिफिलिस म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा तिसरा टप्पा, ही समजूत डोक्यातून काढून टाका. डोळा आणि कान तर लवकरच्या टप्प्यातच जास्त पकडले जातात. टॉर्च मारून बाहुल्या बघा. जवळचं बघताना लहान होणारी पण उजेडाने लहान न होणारी बाहुली ही जुन्या मज्जासंस्थेच्या सिफिलिसची ओळख.

हे विचारायचं कारण औषधात आहे. बेन्झाथिन स्नायूतून रोज थोडंथोडं झिरपतं. रक्तातली पातळी जंतू मारायला पुरते, पण मेंदूभोवतीच्या पाण्यात, डोळ्यात आणि आतल्या कानात ती पुरेशी पोचत नाही. अशा माणसाला कमरेत 24 लाख देऊन पाठवलं तर अंगावरचे चट्टे जातील, टायटरही उतरेल, आणि कान मात्र कायमचा जाईल.

त्याला त्याच दिवशी चिठ्ठी देऊन अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं. ऑडिओमेट्रीत उजव्या कानाची नस अशक्त निघाली. डोळे स्वच्छ होते. डोकंही दुखत होतं म्हणून पाठीतलं पाणी काढलं. त्यात 3 पेशी, प्रथिनं 38 मिलिग्रॅम, आणि पाण्यातलं व्हीडीआरएल नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह.

पाणी स्वच्छ निघालं तरी उपचार मज्जासंस्थेच्या सिफिलिसचाच दिला. कानाच्या सिफिलिसमध्ये पाणी बहुतेक वेळा स्वच्छच असतं. शिवाय पाण्यातलं व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह आलं तर निदान पक्कं होतं (सुई टोचताना रक्त मिसळलं नसेल तर), पण निगेटिव्ह आल्याने आजार नाही असं म्हणता येत नाही, खऱ्या रुग्णांतले बरेच त्यातून निसटतात. पेशी 5 पेक्षा जास्त, प्रथिनं 45 च्या वर, यांकडे लक्ष ठेवायचं. एचआयव्ही असेल तर त्या आजारानेही पेशी वाढतात, म्हणून तिथे 20 ची मर्यादा धरतात. फक्त कान किंवा फक्त डोळा धरला आहे, तज्ज्ञांनी ते तपासून सांगितलं आहे आणि बाकी मज्जासंस्था ठीक आहे, तर पाणी न काढताही उपचार सुरू करता येतो. उलट, ज्याला काहीच त्रास नाही अशा उशिराच्या सुप्त रुग्णाचं पाणी उगाच काढू नका. तिसरा टप्पा असेल, किंवा नीट उपचार होऊनही टायटर चढला आणि नव्याने संबंध आल्याची शक्यता नसेल, तर मात्र काढायचं.

औषध क्रिस्टलाइन पेनिसिलिन, शिरेतून: दर चार तासांनी 30 ते 40 लाख युनिट, दिवसाला 1.8 ते 2.4 कोटी, 10 ते 14 दिवस. 10 लाखांच्या बाटल्या असतील तर 40 लाखांच्या एका डोसला चार, दिवसाला 24, चौदा दिवसांना 336. पाठवायच्या आधी फोन करून एवढा साठा आहे का विचारा. रात्री दोनचा आणि पहाटे सहाचा डोस चुकवायचा नाही, कारण हे पेनिसिलिन तासाभरात उतरायला लागतं. पेनिसिलिन शक्यच नसेल तर सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन 1 ते 2 ग्रॅम रोज, 10 ते 14 दिवस, हा पर्याय आहे.

सगळ्यात अवघड गेलं ते त्याला चौदा दिवस ठेवणं. उचल घेतलेली, आणि ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता मोजतात, म्हणजे तो पडून राहिला की तिचंही काम गेलं. समुपदेशक ताईंनी मुकादमाशी बोलायची तयारी दाखवली, आजाराचं नाव न सांगता, "कानाचा उपचार चालू आहे, सुट्टी अमुक तारखेला" एवढंच. ते पुरलं. घुं घुं बरीच कमी झाली. ऐकू येणं पूर्ण परत आलं नाही. महिनाभर आधी आला असता तर कदाचित आलं असतं.

आकडा उतरतो कसा

उपचारानंतर टायटर चारपट उतरायला हवा, म्हणजे कार्डवरच्या दोन पायऱ्या: 1:32 वरून 1:8. लवकरच्या आजारात हे वर्षभरात व्हावं, उशिराच्या सुप्त आजारात दोन वर्षं लागू शकतात. एका पायरीचा फरक धरायचा नाही, तो तपासणीतलाच असतो. एकदा व्हीडीआरएल आणि एकदा आरपीआर केलं तर आकडे ताडता येत नाहीत. जमेल तोवर तपासणी तीच आणि लॅबही तीच ठेवा. काहींचा टायटर खाली येऊन 1:2 किंवा 1:4 वर वर्षानुवर्षं थांबतो. त्यांना पुन्हापुन्हा इंजेक्शनं द्यायची गरज नाही. चारपट चढला तर मात्र नव्याने संसर्ग किंवा फसलेला उपचार, दोन्ही तपासा.

गरोदर बाईत उपचारानंतर आठ आठवड्यांच्या आत टायटर काढू नका, उगाच घाबरायला होतं. हिचा डिसेंबरात कराडकडच्या सरकारी दवाखान्यात काढला, 1:16. तिथल्या डॉक्टरांनी फोन केला, "उतरला नाही, पुन्हा देऊ का?" जुन्या आजारात दोन महिन्यांत एक पायरी ही नापास खूण नव्हे, चढलेला नाही हे महत्त्वाचं, असं सांगितलं. सोनोग्राफीत बाळाचं यकृत मोठं किंवा पोटात पाणी नव्हतं. फेब्रुवारीच्या शेवटी तिकडेच बाळंत झाली. मुलगी, 2 किलो 700 ग्रॅम. आईचा टायटर 1:8, बाळाचा 1:4.

बाळाचा आकडा रिअ‍ॅक्टिव्ह दिसला म्हणून बाळाला आजार आहे असं नाही, आईची प्रतिद्रव्यं नाळेतून येतात. बाळाचा टायटर आईच्या चारपट असेल, किंवा अंगावर खुणा असतील, तर संशय. टीपीएचए तान्ह्या बाळाचं करू नका, ते आईमुळे दीड वर्षापर्यंत पॉझिटिव्ह राहू शकतं. हिचा उपचार बाळंतपणाच्या चार आठवड्यांहून कितीतरी आधी पुरा झाला होता. बालरोगतज्ज्ञांनी तपासून एक डोस दिला, किलोमागे 50 हजार युनिट बेन्झाथिन. सहाव्या महिन्यात मुलीचा आरपीआर नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आला.

आईच्या किटवर मात्र रेघ पुढच्या प्रत्येक बाळंतपणात उमटणार, आणि प्रत्येक नवा डॉक्टर तिला नव्याने आजारी ठरवणार. म्हणून तिच्या माता-बाल कार्डाच्या मागे आम्ही निळ्या शाईने लिहून दिलं: "आरपीआर 1:32, 28 सप्टेंबर. बेन्झाथिन 24 लाख, तीन वेळा: 28 सप्टेंबर, 5 ऑक्टोबर, 12 ऑक्टोबर. डिसेंबर 1:16. बाळंतपणात 1:8. पुढे फक्त आरपीआर टायटर बघावा, किट लावू नये." आजाराचं नाव लिहिलं नाही. वाचता येणाऱ्या डॉक्टरला कळतं आणि तांड्यावर कुणाला कळत नाही. तिने ते कार्ड आधारच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलं आहे, पुढच्या हंगामाला ट्रकमध्ये चढताना ती पेटी सोबत असते.